स्प्लिट एसीचा फ्लॅप अडकलाय? आधी आवाज ऐका, मग स्क्रू काढा

मी एसीचा मेकॅनिक नाही. एसी, वॉशिंग मशीन यांचे बिघडलेले पीसीबी, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दुरुस्त करणं हा माझा धंदा. होळीच्या आसपास सर्व्हिसिंगचा हंगाम सुरू झाला की ‘स्विंग चालत नाही’ असा कागद चिकटवलेले बोर्ड माझ्या टेबलावर यायला लागतात. मी मोटर लावून ते चालवून बघतो आणि त्यातले बरेचसे बोर्ड ठणठणीत निघतात. दोष घरीच राहिलेला असतो: फ्लॅपच्या मधल्या क्लिपमध्ये, मोटरच्या गिअरमध्ये, नाहीतर एखाद्या चेपलेल्या वायरीत. बोर्ड काढून आणणाऱ्याने तो शोधलेलाच नसतो.

म्हणून हा लेख. फ्लॅप अडकला की बिघाड नक्की कुठे आहे हे घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यातलं अर्धं काम कानांनी होतं, उरलेल्यासाठी स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर पुरतो.

आत काय असतं

समोरून दिसणारी लांब आडवी पट्टी म्हणजे फ्लॅप. हवा वर-खाली फेकायचं काम तिचं. तिच्या मागे उभ्या छोट्या पाकळ्या असतात, त्या हवा डावी-उजवीकडे वळवतात. पुष्कळ एसींमध्ये या पाकळ्या हातानेच सरकवायच्या असतात. त्या रिमोटने हलत नाहीत म्हणून काळजी करण्याआधी आपल्या मॉडेलला ती सोय आहे का, हे पाहून घ्या.

फ्लॅपच्या एका टोकाला डबीएवढी गोल स्विंग मोटर असते. बहुतेक वेळा ती आपल्या उजव्या हाताला, पीसीबीच्या बाजूला असते. ही स्टेपर मोटर. तिला सहसा पाच वायरी असतात आणि ती बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालते. पंख्याच्या मोटरसारखी ती गरगर फिरत नाही. बोर्ड तिच्या चार कॉइलींना ठरलेल्या क्रमाने वीज देतो आणि ती एकेक पाऊल पुढे सरकते. पोटात बारीक गिअर असतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात आतला रोटर सुमारे ६४ वेळा फिरला की बाहेरचा दांडा एकदा फिरतो. त्यामुळे एवढीशी मोटर एवढा लांब फ्लॅप सावकाश, पण नेमका हलवते.

आता यातली गंमत. फ्लॅप या क्षणी कुठे आहे, हे बोर्डाला कळत नाही. ते सांगणारा सेन्सर सहसा नसतोच. अंधारात जिना उतरताना आपण पायऱ्या मोजतो, तसा बोर्ड पावलं मोजत राहतो. मोजणी कुठून सुरू करायची हे ठरवायला एसीला वीज मिळाली की तो आधी फ्लॅप पूर्ण बंद करतो, आणि खात्रीसाठी गरजेपेक्षा थोडी जास्तच पावलं टाकतो. फ्लॅप बंद होऊन टेकला तरी मोटर क्षणभर ढकलत राहते आणि हलकीशी टिकटिक ऐकू येते. ही टिकटिक बिघाड नव्हे. पुढची सगळी तपासणी मात्र याच काही सेकंदांवर उभी आहे.

जे बिघाड नसतातच

लाइट गेली की फ्लॅप जिथे असेल तिथेच उघडा राहतो, कारण बंद व्हायलाही वीज लागते. भारनियमनाच्या गावात हे रोज दिसेल. ड्राय मोडमध्ये कित्येक मॉडेल फ्लॅप एका कोनात धरून ठेवतात. हीट मोड असलेल्या एसीत आतली कॉइल गरम होईपर्यंत फ्लॅप वरच्या बाजूला गप्प असतो, अंगावर गार झोत येऊ नये म्हणून. सेल्फ क्लीन चालू असताना तो बंद किंवा अर्धवट उघडा दिसू शकतो.

सगळ्यात जास्त वेळा घडणारा प्रकार म्हणजे फडका मारताना कोणीतरी फ्लॅप हाताने सारलेला असतो. बोर्डाची मोजणी चुकते. मग फ्लॅप वर जाऊन आदळतो, नाहीतर खाली अर्ध्यातच थांबतो. उपाय सोपा आहे. रिमोटने एसी बंद करा, मेन स्विच बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. बोर्ड फ्लॅप बंद करून मोजणी नव्याने सुरू करेल. एवढ्यावर भागलं तर पुढे वाचायची गरज नाही. फक्त फ्लॅप हाताने ढकलायची सवय मोडा. गिअरमुळे मोटर हाताला दाद देत नाही आणि जोर लावला की गिअरचे दात जातात.

कान लावून ऐका

आता खरी चाचणी. खोलीतला पंखा, टीव्ही बंद करा. मेन स्विच चालू करा आणि मोटर असलेल्या टोकाखाली उभे राहा. मग रिमोटने एसी कूल मोडवर चालू करून स्विंगचं बटण दाबा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

पहिली: सुरुवातीला फ्लॅप व्यवस्थित बंद होतो, एसी चालू झाल्यावर नीट उघडतो, पण स्विंग दाबल्यावर हलत नाही. म्हणजे मोटर, वायरी आणि फ्लॅप, तिन्ही धडधाकट आहेत. रिमोट पाहा. वर-खालीच्या स्विंगऐवजी डावी-उजवीकडचं बटण दाबलं जातंय का? बटण दाबल्यावर एसी बीप देतो का? दुकानातून आणलेला ‘सगळ्यांना चालणारा’ रिमोट असेल तर त्याचा कोड तुमच्या मॉडेलशी अर्धवटच जुळलेला असण्याची शक्यता मोठी. तापमान बदलतं, स्विंग मात्र नाही, अशी तक्रार या रिमोटची खास.

दुसरी: आवाज येतो, पण फ्लॅप हलत नाही किंवा थोडा हलून अडकतो. हा आवाज काय सांगतो ते नीट ऐका. अडकलेल्या जागी टिक-टिक-टिक होत असेल तर मोटर ढकलते आहे आणि फ्लॅप कुठेतरी अडला आहे, किंवा दात गेलेला गिअर घसरतो आहे. आवाज सलग, हलका आणि निर्वेध असेल, फ्लॅप मात्र ढिम्म, तर दांडा फिरतो आहे आणि फ्लॅप त्याच्यावरून सुटला आहे. फ्लॅप जागच्या जागी थरथरत असेल, एक पाऊल पुढे आणि एक मागे, तर एखाद्या कॉइलला वीज पोचत नाही असं मी आधी धरतो. पहिल्या दोन प्रकारांत काम स्क्रू ड्रायव्हरचं, तिसऱ्यात मल्टिमीटरचं.

तिसरी: काहीच आवाज नाही. बाकी एसी चालू, थंडावाही आहे, पण त्या टोकाला पूर्ण शांतता. प्लग निघालेला, वायर तुटलेली, मोटर जळलेली किंवा बोर्डातला मोटर चालवणारा ड्रायव्हर आयसी गेलेला. शक्यता साधारण याच क्रमाने तपासायच्या, कारण स्वस्त आणि सोपं आधी.

फ्लॅप काढून पाहणं

आधी वीज. रिमोटने बंद करणं म्हणजे वीज बंद होणं नव्हे. एसीचा एमसीबी पाडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, कारण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ टिकून राहते. स्टुलावर नव्हे, घोड्यावर चढा आणि तो धरायला कोणीतरी असू द्या. एसी वॉरंटीत असेल तर फ्लॅप काढून धुण्यापलीकडे जाऊ नका. कव्हर न उघडता कंपनीचा माणूस बोलवा.

फ्लॅपला दोन्ही टोकांना आधार असतो, आणि मध्ये एक किंवा दोन प्लॅस्टिकचे हात त्याला धरून असतात. काढताना आधी मधला आधार सोडवायचा. फ्लॅप दोन्ही हातांनी धरून मध्यभागी हलकेच बाक द्या, पिन क्लिपमधून निसटते. मग मोटर नसलेलं टोक काढा आणि सगळ्यात शेवटी मोटरचं टोक दांड्यावरून सरळ बाजूला ओढून घ्या. हा क्रम उलटा केला तर मोटरजवळची प्लॅस्टिकची मान तुटते. दोन फ्लॅपचं मॉडेल असेल तर दोन्ही कसे जोडलेत त्याचा काढण्याआधी फोटो घ्या.

फ्लॅप हातात आला की तो सपाट फरशीवर ठेवा. मध्ये पोक आलेला दिसला, तर तो बंद होताना कव्हरला घासत होता. वर्षानुवर्षं मधली क्लिप न बसवता चालवलेल्या फ्लॅपला असा पोक हमखास येतो. टोकांच्या पिना पाहा. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पिनेला भेग पडते. अशी पिन झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने जोडलेली मी पुष्कळ पाहिली आहे. ती टिकत नाही, शिवाय ओघळलेला गोंद भोकात वाळून फ्लॅप कायमचा जाम करतो. पिन तुटली असेल तर नवा फ्लॅप घ्या.

मग ज्या भोकांत पिना फिरतात ती पाहा. तिथे काळपट बुरशी आणि धूळ यांचा चिकट लगदा साचतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत जरा जास्तच. जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या कोमट पाण्याने साफ करा. युनिटमधली भोकं मात्र ओल्या फडक्याने पुसा, पाणी मारू नका, मोटर शेजारीच आहे. थिनर, ॲसिड किंवा बाथरूमचा क्लीनर प्लॅस्टिकला लावू नका.

तेलाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे हमखास चूक होते. घरात खोबरेल हाताशी असतं, आणि कुरकुरणारं बिजागर त्याने गप्प होतं हा आपला अनुभव. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, आणि एसीतून निघणारी हवा त्याहून कितीतरी गार असते. म्हणजे लावल्यावर फ्लॅप छान हलतो आणि एसी तासभर चालला की तेच तेल मेणासारखं घट्ट होतं. वर त्यात धूळ बसते. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पिनेवर लावा. पुष्कळदा तेवढीही गरज नसते. स्वच्छ आणि कोरडी पिन आपोआप फिरते.

फ्लॅप बाहेर आहे तोवर मोटरचा दांडा तपासा. त्याच्या दोन बाजू चपट्या असतात आणि फ्लॅपमधलं भोकही त्याच आकाराचं असतं. ते भोक झिजून गोल झालं असेल तर दांडा आतल्या आत फिरेल. निर्वेध आवाज येऊनही न हलणाऱ्या फ्लॅपचं कारण हेच. दांडा दोन बोटांत धरून अगदी अलगद फिरवून पाहा. चांगल्या मोटरचा दांडा जड लागतो, किंचित ढिला वाटून अडतो. तिथेच सोडून द्या, जोर करू नका. पण तो काहीही अडथळा न होता मोकळा फिरत राहिला, किंवा मध्येच कचकन सुटला, तर गिअरचे दात गेलेत. त्यावर दुरुस्ती नाही, मोटर बदलायची.

फ्लॅप न बसवताच एमसीबी चालू करून दांडा पाहता येतो. हात लांब ठेवून कोणालातरी रिमोट दाबायला सांगा. रिकामा दांडा सुरळीत फिरला आणि फ्लॅप लावल्यावर अडला, तर दोष फ्लॅपचा किंवा आधारांचा. रिकामा दांडाही अडखळला, तर मोटर किंवा वीज. या एका चाचणीने निम्मा गुंता सुटतो.

काकूंचा एसी

पुढचा भाग एका खऱ्या उदाहरणातूनच सांगतो. आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंचा दीड टनी एसी. मार्चमध्ये जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घेतलं आणि त्याच रात्री फ्लॅप थरथरायला लागला. दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाने दोन मिनिटं पाहून ‘पीसीबी गेलाय’ सांगितलं आणि आकडा चार अंकी सांगितला. काकूंनी मला हाक मारली. “अरे, काल सकाळपर्यंत नीट होता. धुतल्याने कधी बोर्ड जातो का?”

जातो की, पाणी शिरलं तर. पण काकूंचा प्रश्न बिनचूक होता. सर्व्हिसिंगच्या आधी नीट आणि नंतर बिघाड, म्हणजे कारण सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागेतच शोधायचं.

फ्लॅपची मधली क्लिप खरंच बसलेली नव्हती. ती बसवली. थरथर तशीच. फ्लॅप काढून रिकामा दांडा पाहिला, तोही जागच्या जागी पुढे-मागे करत होता. म्हणजे अडथळा नाही, वीज अपुरी. एमसीबी पाडला, थांबलो, समोरचं कव्हर काढलं. हे कव्हर खालच्या दोन-तीन स्क्रूंवर आणि वरच्या खाचांवर असतं. काही स्क्रू छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात आणि काही फ्लॅप उघडल्यावरच दिसतात. एखादा राहिला आणि कव्हर ओढलं तर ते चिरतं.

पीसीबीवरचा पाच पिनांचा स्विंगचा प्लग ओळखला. मोटरकडून येणाऱ्या पाच वायरींचा माग काढला की तो सापडतो. वायरींना नव्हे, प्लगच्या अंगाला धरून बाहेर काढला. हिरवट गंज नाही, पाणी नाही. मल्टिमीटर २००० ओहमच्या रेंजवर ठेवला.

पाचपैकी एक वायर सामाईक असते, बहुतेकदा लाल. ती एका कडेला असते किंवा रंगाने वेगळी दिसते. तिच्यापासून उरलेल्या चारही वायरींपर्यंतचा रोध जवळपास सारखा यायला हवा. १२ व्होल्टच्या मोटरीत हा आकडा साधारण दीडशे ते चारशे ओहमच्या दरम्यान असतो. नेमका किती याला फारसं महत्त्व नाही. चारही सारखे आहेत ना, एवढंच पाहायचं. सामाईक वायर ओळखता येत नसेल तर उलट्या बाजूने जा: सामाईक सोडून उरलेल्या कुठल्याही दोन वायरींमध्ये दोन कॉइली लागून येतात, त्यामुळे तिथे दुप्पट आकडा दिसतो. जिच्यापासून सगळीकडे लहान आकडा येतो ती सामाईक.

काकूंच्या मोटरीत लाल-निळी २९६, लाल-गुलाबी २९३, लाल-नारिंगी २९५. लाल-पिवळी काहीच नाही, सर्किट उघडं. थरथरीचं कारण समोर आलं. चारपैकी एक पाऊल गायब असलं की रोटर पुढे जायच्या ऐवजी मागे घसरतो.

इथे ‘मोटर जळली’ म्हणून नवीन मागवणं सोपं होतं. पण सर्व्हिसिंगने कॉइल जळत नाही, हे डोक्यात होतं. मीटरच्या पिना प्लगमध्ये तशाच ठेवून दुसऱ्या हाताने वायरीचा जुडगा वितावितानं हलवत गेलो. मोटरपासून साधारण चार बोटांवर हलवल्याबरोबर मीटरवर २९४ आला आणि गेला. पाहिलं तर जुडग्यावर चपटा वळ. कव्हर बसवताना वायर खाचेतून बाहेर राहिली होती आणि स्क्रूच्या खुंटाखाली चेपली गेली होती. पिवळीचं इन्सुलेशन शाबूत दिसत होतं, आतली तार मात्र तुटलेली.

चेपलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवून गरम केली. नुसती पिळून वर चिकटपट्टी लावली असती तर तेव्हा चाललं असतं, पण तिथे सतत ओल असते, पावसाळ्यात पुन्हा बोलावणं आलं असतं. पुन्हा मोजलं, चारही आकडे २९३ ते २९६.

बोर्डावर संशय कधी घ्यायचा

प्लगवर चारही आकडे सारखे आले, दांडा हाताला योग्य लागला आणि तरीही रिकामी मोटर हलत नसेल, तेव्हाच बोर्डाकडे वळायचं. त्याआधी एक सोपी खात्री. आडव्या आणि उभ्या दोन्ही पाकळ्या रिमोटने हलणारं मॉडेल असेल तर आत सारख्याच दोन मोटरी असण्याची शक्यता असते. दोन्हींवरचा व्होल्टेज आणि प्लग सारखे असतील तर एमसीबी पाडून प्लग आपसात बदला. बिघाड दुसऱ्या पाकळीकडे सरकला तर बोर्डाचा तो भाग सदोष, आणि आहे तिथेच राहिला तर मोटर सदोष. यासाठी मीटरही लागत नाही.

बोर्डात सहसा जातो तो ड्रायव्हर आयसी, पुष्कळदा यूएलएन २००३ नावाचा, १६ पायांचा. मोटरच्या कॉइलींना वीज तोडायचं-जोडायचं काम तो करतो. त्याचे सात मार्ग असतात, चार मोटरला जातात आणि उरलेले बहुधा रिले किंवा बझरला. म्हणूनच स्विंग गेला आणि त्याबरोबर बीपही बंद झाला तर माझी पहिली नजर याच आयसीवर जाते. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. एवढ्यासाठी अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते, बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. बोर्डावर पाल किंवा मुंग्या मरून काळा डाग पडलेला असेल तर मात्र नुकसान आयसीच्या पलीकडेही असू शकतं.

चालू बोर्डावर मीटर लावून मोजायचा प्रयत्न घरी करू नका. त्याच बोर्डावर २३० व्होल्ट असतात, इन्व्हर्टर एसीत डीसीचा दाब त्याहूनही जास्त. ते काम येणाऱ्याचं. त्याला एवढंच विचारा, की मोटरच्या कॉइली मोजल्या का आणि किती आल्या. न मोजता बोर्ड सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

मोटर बदलायची झाली तर

जुनी मोटर दोन स्क्रूंवर असते. ती काढून हातात घेऊनच दुकानात जा, फोटो पुरत नाही. लेबलवर १२ व्होल्ट आहे की ५, हे आधी पाहा. ५ व्होल्टची मोटर १२ व्होल्टच्या बोर्डावर लावली तर ती तापून जाते आणि आयसीवरही ताण येतो. लेबल पुसलं गेलं असेल तर रोध मोजा, ५ व्होल्टवाल्यांचा तो बराच कमी असतो, पुष्कळदा पन्नास ओहमच्या आसपास. मग दांड्याची लांबी आणि चपट्या बाजू, दोन कानांच्या भोकांमधलं अंतर, आणि प्लगच्या पिनांमधलं अंतर जुळवा. साधी बाजारातली मोटर काहीशे रुपयांत मिळते.

नवीन मोटर लावल्यावर फ्लॅप उलटाच चालायला लागला, म्हणजे बंद करायच्या वेळी उघडतो, तर घाबरू नका. वायरींचा क्रम वेगळा आहे, एवढंच. क्रम माहीत असेल तर सामाईक वायर जागेवर ठेवून चार कॉइलींपैकी पहिली आणि तिसरी आपसात बदलली की दिशा फिरते. प्लगच्या पिना बारीक सुईने दाबून बाहेर काढता येतात. सामाईक वायरच वेगळ्या जागी असेल तर मोटर थरथरेल किंवा हलणारच नाही, तेव्हा लावण्याआधी जुनी आणि नवी अशा दोन्ही मोटरींची सामाईक पिन मीटरने ताडून पाहा.

फ्लॅप बसवण्याआधी एकदा एमसीबी चालू-बंद करून मोटरला रिकामीच तिच्या बंद जागी जाऊ द्या, मग फ्लॅप बंद अवस्थेत दांड्यावर चढवा. चपट्या बाजूंमुळे तो उलटा, म्हणजे अर्ध्या फेरीच्या फरकानेही बसू शकतो, काढतानाचा फोटो इथे उपयोगी पडतो.

सामान येईपर्यंत

मे महिन्यात मोटर आठवडाभर मिळाली नाही तर एसी बंद ठेवायचं कारण नाही. एमसीबी पाडून स्विंगचा प्लग बोर्डावरून काढून ठेवा आणि फ्लॅप मोटरच्या दांड्यावरून सोडवून हव्या कोनात ठेवा. दांड्यावरच ठेवून ढकललात तर गिअर जातील. तो घसरत असेल तर टोकाला कागदाची छोटी घडी पुरते.

कोन मात्र विचाराने निवडा. फ्लॅप जवळजवळ बंद असेल तर गार हवा वरूनच परत आत ओढली जाते. एसीला वाटतं खोली थंड झाली आणि तो लवकर मंदावतो, खाली तुम्ही घामाघूम. फ्लॅपवर गार झोत सतत आदळत राहिला तर दमट दिवसांत त्यावर दव धरतं आणि थेंब खाली पडतात. काकूंच्या पलंगावर पडले होते आणि त्यांना ड्रेन पाइप तुंबल्याचा संशय आला होता. आडव्यापेक्षा किंचित खाली झुकलेला आणि हवेला पूर्ण मोकळी वाट देणारा फ्लॅप सगळ्यात बरा.

काकूंकडे हे काही लागलं नाही. वायर तिच्या खाचेत बसवली, कव्हर लावताना स्क्रूच्या खुंटाशी एकदा बोट फिरवून पाहिलं, मधली क्लिप टक् आवाज येईपर्यंत दाबली. एमसीबी वर केला. फ्लॅप बंद झाला, टिकटिक झाली. काकू दचकून म्हणाल्या, “हे बघ, अजून वाजतंय!” मग त्यांना वरची सगळी जिन्याची गोष्ट पुन्हा सांगावी लागली.